एक फोटो आणि दोनशे सोळा पानांची पीडीएफ: अपलोड करताना वागणूक वेगळी का?

मागच्या पावसाळ्यात माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा गाइडकडे गेला होता. त्यात १९२६ साली छापलेल्या, शेतीवरच्या एका मराठी पुस्तकातला बियाण्याच्या प्रमाणाचा तक्ता मी उद्धृत केला होता आणि संदर्भात लिहिलं होतं: पान ६६. दोन दिवसांनी सरांचा फोन आला. "अगं, मी ग्रंथालयात मूळ पुस्तक काढून बघितलं. पान ६६ वर खतांची माहिती आहे. तुझा तक्ता कुठाय?"

तक्ता खरोखरच होता, पण छापील पान ५२ वर. ६६ हा आकडा मी पीडीएफ उघडल्यावर वरच्या कोपऱ्यात दिसतो तो घेतला होता. ही नवशिक्यांची नेहमीची चूक, दुरुस्त केली की संपली, असं मला वाटलं. पण आकडे नीट जुळवायला बसले आणि लक्षात आलं की गोंधळ माझ्या संदर्भापुरता नाही. मी स्वतः स्कॅन करून विकिमीडिया कॉमन्सवर चढवलेली आख्खी फाइलच सदोष होती, आणि तिच्यावर मराठी विकिस्रोतात केलेलं माझं दीड महिन्याचं मुद्रितशोधन त्या दोषावर उभं होतं.

त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटोही मी त्याच दिवशी कॉमन्सवर टाकला होता. तो दोन मिनिटांत चढला आणि आजतागायत त्याने काही त्रास दिलेला नाही. फाइल चढवण्याचं पान तेच, बटणही तेच. मग एका चित्राला आणि स्कॅन केलेल्या पानांच्या पीडीएफला इतकी वेगळी वागणूक का मिळते? हे मला आधी कळलं असतं तर बराच वेळ वाचला असता. म्हणून ही पोस्ट.

सर्व्हरला काय दिसतं

जेपीईजी चित्र म्हणजे ठिपक्यांची एक चौकट. माझा मुखपृष्ठाचा फोटो १६५० ठिपके रुंद आणि २५५० ठिपके उंच होता. हे आकडे फाइलच्या सुरुवातीच्या भागातच लिहिलेले असतात. सर्व्हर ते वाचतो, मोठ्या चित्रावरून दोन-चार लहान आकाराच्या प्रती करून ठेवतो आणि मोकळा होतो. 'या फाइलमध्ये काय आहे?' या प्रश्नाला एकच उत्तर आहे: हे चित्र.

पीडीएफ मात्र चित्र नसते. ती एक पेटी असते. पेटीत पानांची यादी असते आणि प्रत्येक पानासाठी सूचना असतात: कागद इतका मोठा समज, त्यावर अमुक चित्र अमुक ठिकाणी ठेव, अमुक अक्षरं अमुक जागी ठेव. स्कॅन केलेल्या पुस्तकात बहुतेक पानांवर एकच सूचना असते, ती म्हणजे हे चित्र पानभर पसर. पण सर्व्हरला ते आधी ठाऊक नसतं. त्याला पेटी उघडून पानं मोजावी लागतात.

आणखी एक फरक आहे. कुठली वस्तू पेटीत नेमकी कुठे आहे, याची नोंदवही पीडीएफच्या शेवटाकडे असते. त्यामुळे अपलोड मध्येच तुटला तर परिणाम वेगळा होतो. अर्धवट पोचलेला जेपीईजी बहुधा वरचा अर्धा भाग तरी दाखवतो. शेपूट तुटलेल्या पीडीएफची नोंदवहीच हरवलेली असते, म्हणून ती अनेकदा उघडतच नाही. कॉमन्सवर याची खूण ओळखायला सोपी आहे. फाइलच्या पानावर आकार ० × ० पिक्सेल दिसला तर सर्व्हरला पेटी वाचता आलेली नाही असं समजायचं.

सर्व्हर पानं मोजायला जे छोटं साधन वापरतो, ते आपणही आपल्या संगणकावर वापरू शकतो. `pdfinfo` ही आज्ञा माझ्या फाइलवर चालवली तेव्हा कामाच्या दोन ओळी अशा होत्या:

```
Pages:           216
Page size:       396 x 612 pts
```

इथे दुसरी ओळ नीट बघा. पानाचा आकार ठिपक्यांत नाही, पॉइंटांत आहे. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. ३९६ भागिले ७२ म्हणजे साडेपाच इंच, ६१२ भागिले ७२ म्हणजे साडेआठ इंच. पीडीएफचं पान कागदाच्या मापात बोलतं, चित्र ठिपक्यांच्या मापात बोलतं. पुढची निम्मी भानगड इथूनच सुरू होते.

पान दाखवायचं म्हणजे काढायचं

ब्राउझरमध्ये आपल्याला पुस्तकाचं २५ वं पान दिसतं तेव्हा सर्व्हरने पीडीएफमधून तयार चित्र उचलून दिलेलं नसतं. त्याने त्या पानाच्या सूचना वाचून पान नव्याने रंगवलेलं असतं आणि त्याचं जेपीईजी करून पाठवलेलं असतं. मीडियाविकी या प्रणालीत हे काम घोस्टस्क्रिप्ट नावाचा प्रोग्रॅम करतो. विकिपानावर एखादं पान दाखवायचं असेल तर आपण असं लिहितो:

```
[[File:Sheti-1926.pdf|page=25|500px]]
```

चित्राच्या बाबतीत यातला `page=25` हा भाग लिहावाच लागत नाही, कारण 'कितवं?' हा प्रश्नच नसतो. पीडीएफसाठी तो लागतो, आणि प्रत्येक पानाची प्रतिमा वेगळी तयार होते. म्हणूनच नवीन पुस्तकाची पानं पहिल्यांदा उघडताना सावकाश उमटतात, दुसऱ्या वेळी पटकन येतात.

आधीच सगळी पानं चित्रं करून का ठेवत नाहीत? हिशोब करून बघू. १६५० गुणिले २५५० म्हणजे सुमारे ४२ लाख ठिपके. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट लागतात, म्हणजे एक पान उलगडलं की सुमारे १२.६ एमबी. अशी २१६ पानं म्हणजे २.७ जीबीच्या वर. माझी फाइल ९४ एमबीची होती, कारण आतली चित्रं दाबून बसवलेली होती. सर्व्हरने एखादं पान मागितल्यावर तेवढंच उलगडणं शहाणपणाचं आहे.

आता मापांची भानगड. पान रंगवताना सर्व्हरला ठरवावं लागतं की इंचाला किती ठिपके काढायचे. मीडियाविकीच्या पीडीएफ हाताळणाऱ्या भागात हा आकडा मुळात १५० ठेवलेला आहे. मी स्कॅन ३०० ने केलं होतं. साडेपाच इंच गुणिले १५० म्हणजे ८२५. मी १६५० ठिपके रुंद पान दिलं, आणि साइटने पान रंगवताना मोजलेली रुंदी त्याच्या निम्मी! फोटो टाकला तेव्हा असं झालं नव्हतं, तिथे १६५० चे १६५० दिसत होते. 'साइट माझं स्कॅन खराब करते' ही तक्रार बऱ्याचदा यातून येते. मूळ फाइल शाबूत असते, ती उतरवून घेतली तर पूर्ण तपशील मिळतो. पडद्यावर दिसतं ते सर्व्हरने स्वतःच्या मापाने काढलेलं चित्र असतं.

याची उलट बाजू जास्त फसवी आहे. पानाचा कागदी आकार सारखा असला तरी आतल्या चित्राचा दर्जा सारखा असेलच असं नाही. माझं एक पान स्कॅनरवर हललं होतं. मी त्याचा मोबाइलवर फोटो काढला, मेसेजमधून स्वतःला पाठवला आणि पीडीएफमध्ये घुसवला. मेसेजमधून येताना तो आकसला होता. पीडीएफ बघताना सगळी पानं एकाच आकाराची दिसत होती, कारण आकसलेलं चित्रही साडेपाच बाय साडेआठ इंचांवर ताणून बसवलेलं होतं. `pdfimages -list` या आज्ञेने पितळ उघडं पडलं. काही रकाने गाळून दाखवते:

```
page  type   width height  enc   x-ppi
 130  image   1650   2550  jpeg    300
 131  image    396    612  jpeg     72
 132  image   1650   2550  jpeg    300
```

शेवटचा रकाना बघा. १३१ व्या पानावर इंचाला फक्त ७२ ठिपके आहेत. एवढ्यात देवनागरीची वेलांटी आणि अनुस्वार ओळखू येत नाहीत. हे मला अपलोडच्या आधी सापडलं, म्हणून ते पान पुन्हा स्कॅन करता आलं. एकट्या चित्राला असं लपता येत नाही. त्याचे ठिपके मोजले की संपलं.

अक्षरांचा अदृश्य थर

चित्र शोधायचं तर आपण त्याच्या नावावर आणि वर्णनावर शोधतो. पीडीएफमध्ये मात्र चित्राच्या मागे अक्षरांचा एक न दिसणारा थर असू शकतो. स्कॅनरबरोबर आलेलं सॉफ्टवेअर पानं वाचून हा थर घालतं. आपण पीडीएफमध्ये शब्द शोधतो किंवा मजकूर निवडून कॉपी करतो तेव्हा हाच थर कामाला येतो. फाइल चढली की सर्व्हर तो थरही बाहेर काढतो, पानापानाने वेगळा करतो, आणि विकिस्रोतात ते पान पहिल्यांदा संपादनासाठी उघडलं की मजकुराच्या चौकटीत आपोआप भरून देतो.

थर बरोबर असेल तर हे वरदान आहे. माझ्या फाइलमध्ये काय होतं ते मी आधी तपासलं नाही. तपासायला एवढंच लागतं:

```
pdftotext -f 25 -l 25 Sheti-1926.pdf -
```

यातून तीनपैकी एक गोष्ट निघते. काहीच आलं नाही तर थरच नाही. वाचता येणारं मराठी आलं तर उत्तम. आणि रोमन अक्षरं, टक्क्यांची चिन्हं, आकडे यांचा काला आला, तर स्कॅनरच्या सॉफ्टवेअरने मराठी पान इंग्रजी समजून वाचलेलं आहे. माझ्या बाबतीत तिसरी गोष्ट झाली होती. ग्रंथालयातल्या स्कॅनरवर भाषा इंग्रजी ठेवलेली होती आणि मी तिकडे बघितलंही नव्हतं. परिणामी विकिस्रोतात प्रत्येक पान उघडलं की आधी तो काला पुसायचा आणि मग कामाला लागायचं.

थर नसणं हे चुकीचा थर असण्यापेक्षा बरं, कारण रिकामी जागा दिसते. कचरा भरलेली जागा भरलेलीच दिसते. तुम्ही पाचशे पीडीएफ गोळा केल्या आणि 'बियाणे' हा शब्द शोधला, तर या पुस्तकात तो एकदाही सापडणार नाही. आणि तुम्ही निष्कर्ष काढाल की पुस्तकात तो विषयच नाही. प्रबंधात असा निष्कर्ष गेला तर तो परीक्षकालाही पकडता येणार नाही.

उपाय सोपा आहे. पान चित्र म्हणून बाहेर काढायचं आणि मराठी भाषा सांगून पुन्हा वाचून घ्यायचं:

```
pdftoppm -r 300 -f 25 -l 25 -gray -png Sheti-1926.pdf p
tesseract p-025.png p25 -l mar
```

यात गंमत अशी, की पीडीएफमधलं पान वाचायचं तर त्याचं आधी एक चित्रच करावं लागतं.

सापडला तो दोष

आता सरांच्या फोनकडे परत येते. विकिस्रोतात स्कॅन केलेलं पुस्तक आलं की प्रत्येक पानासाठी एक स्वतंत्र विकिपान तयार होतं. डावीकडे मजकूर, उजवीकडे त्या पानाची प्रतिमा. या दोघांना बांधून ठेवणारी दोरी एकच, ती म्हणजे पीडीएफमधला पानाचा क्रम. छापील क्रमांक सर्व्हरला कळत नाही. तो आपण अनुक्रमणिकेच्या पानावर सांगायचा असतो. मी असं सांगितलं होतं:

```
<pagelist 1="मुखपृष्ठ" 2to16="-" 17=1 />
```

म्हणजे स्कॅनचं १७ वं पान हे छापील पान १, आणि तिथून पुढे एकेक वाढवत जा. फरक १६ चा. हे मी पुस्तकाच्या सुरुवातीला तपासलं होतं आणि ते बरोबर होतं.

आता तक्ता बघा. तो स्कॅनच्या ६६ व्या पानावर होता. ६६ वजा १६ म्हणजे ५०. पण पानाच्या माथ्यावर छापलं होतं ५२. फरक १६ चा नाही, १४ चा! मी मागे मागे जात तपासत गेले. स्कॅन ६३ वर छापील ४७, फरक १६, ठीक. स्कॅन ६४ वर छापील ५०. मधली ४८ आणि ४९ ही पानं गायब.

कशी गेली ते लगेच लक्षात आलं. वरून फोटो घेणाऱ्या स्कॅनरवर पुस्तक उघडं ठेवून समोरासमोरची दोन पानं एकदम टिपतात आणि सॉफ्टवेअर त्यांचे दोन तुकडे करतं. ४६-४७ टिपल्यावर जुना, चिकटलेला कागद उलटताना दोन पानगळ्या एकदम उलटल्या आणि थेट ५०-५१ आलं. अशी चूक नजरेतून सुटते, कारण जातात ती दोन पानं. डावं-उजवं बिघडत नाही, सम-विषम बिघडत नाही. पानं भराभर चाळताना सगळं सुरळीत दिसतं. फक्त ४७ च्या शेवटचं वाक्य पुढच्या पानाशी जुळत नाही, आणि मी ते मुद्रितशोधन करताना 'जुन्या मराठीची वाक्यरचना' म्हणून सोडून दिलं होतं. हे कबूल करायला आजही लाज वाटते.

दुरुस्ती काय? ग्रंथालयात जाऊन ती दोन पानं स्कॅन केली. फाइल जोडायला `qpdf` वापरलं, कारण ते आतल्या चित्रांना हात न लावता पानं इकडची तिकडे करतं. तेच काम 'प्रिंट टू पीडीएफ' करून केलं तर चित्रं पुन्हा दाबली जाण्याचा आणि अक्षरांचा थर जाण्याचा धोका असतो.

फोटोची सुधारित प्रत टाकायची असती तर काम इथे संपलं असतं. कॉमन्सवर त्याच नावाखाली नवी आवृत्ती चढवायची, जुनी इतिहासात जाते, आणि जिथे जिथे तो फोटो वापरला आहे तिथे नवा दिसायला लागतो. पीडीएफचंही तसंच होतं, आणि नेमकी हीच अडचण आहे. नव्या फाइलमध्ये ६४ व्या जागी छापील ४८ आलं. पण विकिस्रोतात ६४ क्रमांकाच्या विकिपानावर मी टाइप केलेला मजकूर होता छापील ५० चा. म्हणजे नवी फाइल चढवल्या क्षणी ६४ पासून पुढच्या प्रत्येक पानावर डावीकडे एक मजकूर आणि उजवीकडे भलत्याच पानाची प्रतिमा. माझं मुद्रितशोधन स्कॅन ११० पर्यंत झालं होतं. ६४ ते ११० म्हणजे ४७ पानं. त्यांच्यावर 'मुद्रितशोधन झाले' अशी पिवळी खूणही होती, आणि ती खूण आता खोटी ठरली असती.

म्हणून त्या ४७ पानांचा मजकूर दोन-दोन घरं पुढे सरकवावा लागतो. ६४ ला ६६ वर न्यायचं तर तिथे आधीच कुणी बसलेलं आहे, म्हणून शेवटापासून सुरुवात करायची: ११० जातं ११२ वर, १०९ जातं १११ वर, मग १०८ जातं ११० वर. एवढं करूनही साध्या सदस्याला ते जमत नाही. पान हलवलं की जुन्या जागी 'इकडे गेलं आहे' अशी पुनर्निर्देशनाची पाटी राहते, आणि ती पाटी पुढच्या पानाची वाट अडवते. पाटी न ठेवता पान हलवण्याचा अधिकार प्रचालकांकडे असतो. मी विनंती टाकली, एका प्रचालकांनी ते करून दिलं. त्यानंतर ज्या ज्या प्रकरणात मी 'अमुक पानापासून अमुक पानापर्यंत' असं लिहून मजकूर ओढून घेतला होता, तिथले आकडे दोनने वाढवले.

हक्कांचा प्रश्नही पानागणिक

सगळं नव्याने तपासताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. एखादं छायाचित्र टाकताना हक्कांचा प्रश्न बहुधा एकाच माणसापाशी थांबतो. पुस्तकात मात्र अनेकांचे हात असतात: लेखक, प्रस्तावना लिहिणारा, चित्रं काढणारा. भारतात लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. माझ्या पुस्तकाचे लेखक १९४० साली वारले, म्हणजे त्यांचं लेखन केव्हाच मुक्त झालेलं. पण सहा पानांची प्रस्तावना दुसऱ्या एका गृहस्थांची होती, आणि ते वारले १९७१ साली. त्यांची सहा पानं १ जानेवारी २०३२ ला मुक्त होणार. कॉमन्सवर अमेरिकेतल्या नियमानेही साहित्य मुक्त असावं लागतं. १९२६ चं प्रकाशन असल्यामुळे तिथे अडचण नव्हती. अडचण भारतातली, आणि तीही २१६ पैकी सहा पानांपुरती.

ती सहा पानं काढून टाकावीत असं पहिल्यांदा मनात आलं. पण काढली की पुन्हा सगळे क्रमांक सहाने मागे येणार! म्हणून त्यांच्या जागी सहा कोरी पानं घातली. दोन्ही दुरुस्त्या एकाच आज्ञेत झाल्या:

```
qpdf --empty --pages old.pdf 1-8 blank.pdf 1,1,1,1,1,1 \
  old.pdf 15-63 missing.pdf 1-2 old.pdf 64-z -- new.pdf
```

म्हणजे जुन्या फाइलची १ ते ८ पानं, मग सहा कोरी, मग १५ ते ६३, मग हरवलेली दोन, मग ६४ पासून शेवटपर्यंत. एकूण २१८. फाइलच्या वर्णनात 'प्रस्तावनेची पानं हक्कांमुळे कोरी ठेवली आहेत' असं स्पष्ट लिहिलं. जुनी आवृत्ती इतिहासात राहतेच, म्हणून ती झाकण्याची विनंतीही प्रचालकांकडे करावी लागली.

आता मी काय करते

स्कॅन संपलं की अपलोडच्या आधी चार ठिकाणी थांबते: सुरुवातीला, पाव पुस्तकावर, अर्ध्यावर आणि शेवटी. प्रत्येक ठिकाणी पीडीएफचा क्रमांक वजा छापील क्रमांक करते. चारही वेळा फरक सारखा आला तर मधली पानं पडलेली नाहीत असं जवळजवळ धरता येतं. एखादं पान गाळलं आणि दुसरं दोनदा टिपलं तर फरक पुन्हा जुळतो, तेवढी पळवाट उरतेच, म्हणून एकदा पानं चाळतेही. फरक बदलला तर दोन ठिकाणांच्या मधोमध जाऊन पुन्हा वजाबाकी करायची. २१६ पानांत दोष कुठे आहे ते सात-आठ वजाबाक्यांत सापडतं. यात एक सावधगिरी लागते. चित्रांची क्रमांक नसलेली पानं मध्ये असतील तर फरक रास्तपणे बदलतो. मग ती `pagelist` मध्ये वेगळी नोंदवायची.

आणि संदर्भ लिहिताना छापील क्रमांकच लिहिते. स्कॅनचा क्रमांक द्यायचाच असेल तर तो 'स्कॅन ६८' असा वेगळा, आणि फाइल कुठल्या तारखेची ते सोबत. तो तक्ता आजही छापील पान ५२ वरच आहे आणि ग्रंथालयातली प्रत आहे तोवर तिथेच राहणार. स्कॅनमध्ये तो आधी ६६ वर होता, आता ६८ वर आहे. सरांनी मसुदा परत दिला तेव्हा त्या ओळीपाशी त्यांनी पेन्सिलने फक्त ५२ लिहून खाली रेघ मारली होती.